परदेशात दीड वर्ष: घरचं सिम ठेवायचं कुठे आणि नंबर टिकवायचा कसा?

प्रश्न: नोकरीच्या कामासाठी अठरा महिने परदेशात राहणार आहे. तिथे पोचल्यावर तिथलंच सिम घेईन. घरचं प्रीपेड सिम काढून पाकिटात ठेवावं की भावाकडे देऊन जावं, ते ठरत नाहीये. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. ई-सिम करून घे, असंही एकाने सुचवलंय. परत यायच्या आधी काही करावं लागतं का, की विमानातून उतरल्यावर कार्ड घातलं की झालं? – एक वाचक

उत्तर: पाकिटात नको आणि भावाकडेही नको. कार्ड तुमच्याबरोबर न्या. फोनला दोन सिमची सोय असेल तर ते दुसऱ्या स्लॉटमध्येच राहू द्या आणि सेटिंगमधून त्याची लाइन बंद करा. तशी सोय नसेल तर कार्ड बाहेर काढून ठेवावं लागेल; ते कसं, ते पुढे सांगतो. पण अशा प्रकरणांत कार्ड हरवल्यामुळे होतो त्यापेक्षा मोठा घोटाळा, कार्ड कपाटात सुखरूप असताना नंबर बंद पडल्यामुळे होतो. म्हणून आधी नंबराचं बघू.

कार्डात असतो तुमचा ग्राहक-ओळखक्रमांक आणि एक गुप्त किल्ली. तीच किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरही असते. फोन चालू केला की दोन्हीकडची किल्ली जुळते का ते तपासलं जातं, आणि जुळली की नेटवर्क मिळतं. हा ओळखक्रमांक म्हणजे अमुक मोबाइल नंबर, ही जोडणी मात्र कंपनीच्या नोंदीत असते. त्यामुळे कार्ड हरवलं तरी तोच नंबर नव्या कार्डावर चढवून मिळतो. उलट कंपनीने ती नोंद काढून टाकली, की तुमच्या हातातलं कार्ड कितीही नवंकोरं असलं तरी निरुपयोगी होतं. बंद केलेला नंबर कंपन्या काही काळ बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्या ग्राहकाला देऊन टाकतात. त्यानंतर तुमच्या बँकेचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

प्रीपेड नंबर वापरात नसेल तर किती दिवसांनी बंद करायचा, याचा नियम प्रत्येक कंपनीचा आणि प्रत्येक देशाचा वेगळा. तुमच्या कंपनीचा नियम तिच्याकडूनच घ्या, आणि फोनवर नको, ईमेल किंवा चॅटवर लेखी घ्या. विचारताना नेमकं विचारा. वापर नसेल तर किती दिवसांनी सेवा थांबते, आणि त्यानंतर किती दिवसांनी नंबर कायमचा जातो? ‘वापर’ म्हणजे काय धरता: रिचार्ज, केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, की नुसता आलेला कॉलही चालतो? ते रोमिंगमध्ये केलं तर धरता का? ‘वापर’ कशाला धरतात, या प्रश्नावर बरेच जण अडकतात. आलेला एसएमएस काही ठिकाणी वापरात धरत नाहीत, आणि ‘मला तर बँकेचे मेसेज येत होते’ असं म्हणत माणूस नंबर घालवून बसतो. शिल्लक रकमेची मुदत आणि नंबराची मुदत याही दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. खात्यात पैसे दिसतात म्हणून नंबर शाबूत आहे असं समजू नका.

उत्तर मिळालं की हिशेब सोपा आहे. समजा कंपनी म्हणाली, ‘९० दिवस काहीच वापर नसेल तर सेवा थांबवतो, रिचार्ज आणि पाठवलेला एसएमएस दोन्ही वापरात धरतो, रोमिंगमध्येसुद्धा.’ तर ९० दिवसांची आठवण लावू नका, ६० ची लावा. एखादी पाळी हुकली तरी ३० दिवस हातात राहतात. निघायच्या आदल्या दिवशी एक एसएमएस पाठवायचा, म्हणजे मोजणी शून्यापासून सुरू होते. अठरा महिने म्हणजे साधारण ५४७ दिवस. ६०, १२०, १८० असं करत ४८० व्या दिवसापर्यंत आठ पाळ्या होतात, आणि त्यापुढची परतीच्या तयारीतच मोडते, ती खाली येईल. या आठही तारखा आताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. एक तारीख टाकून ‘दर दोन महिन्यांनी’ असं लक्षात ठेवलं, तर तिसऱ्या पाळीनंतर हमखास घसरगुंडी होते.

निव्वळ ऑनलाइन रिचार्जवर भागत असेल तर कार्डाला हातही लावावा लागत नाही. पण तेव्हा पैसे भरताना येणारा ओटीपी याच नंबरवर येतो का, ते बघा. नंबर जिवंत ठेवायला पैसे भरायचे आणि पैसे भरायला तोच नंबर जिवंत हवा, अशी गाठ बसते. भावाचा खरा उपयोग इथे आहे: कार्ड त्याच्याकडे द्यायचं नाही, रिचार्ज मात्र त्याच्या खात्यातून करून घ्यायचं.

रोमिंगमधून एसएमएस पाठवायचा असेल तर आधी मायदेशात असतानाच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. बऱ्याच कंपन्यांत प्रीपेडवर ते आपोआप चालू नसतं, आणि बाहेर गेल्यावर चालू करायला पुन्हा ओटीपी लागतो. प्रत्येक पाळीची रीत अशी. फोन विमान मोडवर टाका आणि घरच्या सिमचं मोबाइल डेटा आणि डेटा रोमिंग दोन्ही बंद असल्याची खात्री करा. मग लाइन चालू करा आणि विमान मोड काढा. परदेशातली पहिली नोंदणी व्हायला पाचेक मिनिटंही लागू शकतात. नेटवर्कची पट्टी दिसली नाही तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क स्वतः निवडा, कारण ‘आपोआप’वर फोन कधीकधी अशा नेटवर्कच्या मागे लागतो ज्याच्याशी तुमच्या कंपनीचा करारच नाही. नेटवर्क मिळालं की घरी एक एसएमएस पाठवा आणि ‘मिळाला’ असं त्यांच्याकडून कळू द्या. येणारा कॉल उचलू नका, रोमिंगमध्ये त्याचेही पैसे पडतात. आयफोन असेल तर आणखी एक: लाइन चालू झाली की आयमेसेज आणि फेसटाइमच्या नोंदणीसाठी फोन आपल्या आपण एक एसएमएस पाठवतो, तोही शुल्काचा. नको असेल तर त्या नंबरासाठी ते दोन्ही आधी बंद करा. काम झालं की आधी विमान मोड, मग लाइन बंद. कार्ड बाहेर काढायचं असेल तर फोन बंद करूनच काढा.

व्हॉइसमेल आणि कॉल फॉरवर्डिंगचा हिशेब निघण्यापूर्वी निकालात काढा. तुमचा फोन परदेशी नेटवर्कवर नोंदलेला असताना आलेला कॉल तुम्ही उचलला नाही, तर तो आधी तिकडे जातो आणि मग तिथून वळून परत मायदेशातल्या व्हॉइसमेलकडे येतो. काही कंपन्या त्याचे दोन्ही बाजूंचे पैसे लावतात, आणि तुम्ही तर फोनला हातही लावलेला नसतो. मायदेशात असतानाच डायल पॅडवर हे टाका. सगळी फॉरवर्डिंग एकदम निघते:

```
##002#
```

नंतर हे टाकून बघा; फोन संपर्काबाहेर असताना कॉल कुठे वळतो ते पडद्यावर दिसतं:

```
*#62#
```

तिथे अजूनही एखादा नंबर दिसत असेल तर तो बहुधा कंपनीच्या व्हॉइसमेलचा असतो, आणि तो कंपनीला सांगूनच काढावा लागतो. तो नंबर उतरवून ठेवा, परत आल्यावर व्हॉइसमेल हवा झाला तर लागेल. ‘फॉरवर्डिंग लावून जाते, म्हणजे ओटीपी नव्या नंबरवर येतील’ असा बेत असेल तर तो सोडा. फॉरवर्डिंगने फक्त कॉल वळतो, एसएमएस वळत नाही.

आता कार्ड. नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटर आणि जाडीला ०.६७ मिलिमीटर असतं. बोटाच्या नखाएवढं म्हणा ना. बाहेर काढलेलं कार्ड खराब होतं त्यापेक्षा हरवतं जास्त. पाकीट नको म्हटलं ते दोन कारणांनी. एक, पाकीट चोरीला जातं. दुसरं, पाकीट खिशात रोज वाकतं. सोनेरी पट्टीच्या मागे चिप असते आणि चिपपासून पट्टीपर्यंत केसापेक्षा बारीक तारा गेलेल्या असतात. कार्ड वारंवार वाकलं की त्यातली एखादी सुटते. वरून काहीच दिसत नाही, पण फोन ‘सिम नाही’ म्हणतो, आणि यावर दुरुस्ती नाही.

सिम ज्या मोठ्या कार्डातून तोडून काढलं होतं ती चौकट जवळ असेल तर त्यातच परत बसवा आणि चौकट एका लहान झिप पिशवीत ठेवा. चौकट नसेल तर जाडसर कागदाची एक घडी घालून आत सिम ठेवा, आणि ती घडी पिशवीत. चिकटपट्टीने सिम वहीला किंवा पासपोर्टला चिकटवू नका. वर्षभरात पट्टीचा डिंक सोनेरी भागावर उतरतो, आणि तो खरवडताना वरचा सोन्याचा पातळ थर जातो. बोटांचे डाग पडले असतील तर कोरडं मऊ कापड पुरे. खोडरबर घासण्याची सवय असेल तर ती इथे आवरा. लोहचुंबकाने सिमला काही होत नाही, ती भीती जुन्या चुंबकीय पट्टीच्या कार्डांची. उष्णतेचंही फार मनावर घेऊ नका. साधं सिम उणे २५ ते ८५ अंश सेल्सियसपर्यंत चालेल असंच बनवलेलं असतं, घरातल्या खणात त्याला काहीच धोका नाही.

पिशवीवर तुमचं नाव किंवा पूर्ण नंबर लिहू नका. त्याऐवजी कार्डावर छापलेल्या लांबलचक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहा. हा १९ किंवा २० आकडी क्रमांक ८९ ने सुरू होतो आणि फोनच्या सेटिंगमध्येही ‘आयसीसीआयडी’ या नावाने दिसतो. पूर्ण क्रमांकाची नोंद वेगळी ठेवा. कार्ड बदलून घ्यायची किंवा कंपनीला ओळख पटवायची वेळ आली तर बरेचदा तोच विचारतात. पिशवी पासपोर्टबरोबर किंवा रोजच्या फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नका, म्हणजे एका चोरीत दोन्ही जाणार नाहीत.

सिमला पिन लावायचाच. फोनचा पासवर्ड कितीही भक्कम असला तरी कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचे ओटीपी तिथे येतात, आणि हे थांबवणारा एकमेव अडसर म्हणजे सिमचा पिन. मात्र पिन पहिल्यांदा चालू करताना फोन ‘सध्याचा पिन’ विचारतो. तो कंपनीने आधीच घातलेला असतो, तुम्ही मनाने काही टाकायचं नसतं. तीन वेळा चुकला की कार्ड कुलूपबंद होतं आणि आठ आकडी पीयूके मागतं. तो दहा वेळा चुकला की कार्ड कायमचं बाद. दोन्ही आकडे बहुतेक त्या मोठ्या चौकटीवर छापलेले असतात, नाहीतर कंपनीच्या ॲपमध्ये मिळतात. पिन आणि पीयूके कागदावर लिहून कार्डापासून वेगळे ठेवा. आणि मघाशी सांगितलं तसं सिम चौकटीत परत ठेवणार असाल तर पीयूकेचा तुकडा आधी कापून घ्या, नाहीतर कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत राहील. दीड वर्षाने पिन आठवेल, या भरवशावर राहू नका.

भावाकडे कार्ड नको म्हणण्याचं कारण अविश्वासाचं नाही. ओटीपी पाच-दहा मिनिटांत शिळा होतो. वेळेच्या फरकात भाऊ झोपलेला असला की तुमचा व्यवहार अडकला. शिवाय ओटीपी फोनवरून सांगण्या-ऐकण्याची सवय घरात रुळली की उद्या एखादा भामटा ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन करतो तेव्हा ती अंगाशी येते. अपवाद एकच: रोमिंगमधला वापर कंपनी धरतच नसेल आणि रिचार्जही पुरत नसेल, तर कार्ड मायदेशातच राहायला हवं. मग ते भावाच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवा आणि निघण्यापूर्वी बँकेचे ओटीपी त्या नंबरावरून हलवा.

खरं तर ओटीपी हलवण्याचं काम कार्ड कुठेही असलं तरी करा. ज्या खात्यांना ॲपमधून मंजुरी किंवा ऑथेंटिकेटर ॲप चालतं, तिथे ते आताच, मायदेशात, नंबर चालू असताना लावा; बदल करायलाही जुन्याच नंबरचा ओटीपी लागतो. व्हॉट्सॲप जुन्या नंबरवर चालू ठेवता येतं, त्याला सहसा सिम फोनमध्ये लागत नाही. परदेशी सिम घातल्यावर ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. तिथे दोन-टप्पी पिन लावा आणि सोबत ईमेलही द्या. पण हा पिन तुमचा नंबर दुसऱ्याला गेल्यावर फक्त काही दिवस वाचवतो, नंबराला तो पर्याय नाही.

ई-सिमबद्दल. हरवत नाही, वाकत नाही, खिशातून पडत नाही, हे सगळं खरं. पण ते एका फोनला बांधलेलं असतं. परदेशात तो फोन फुटला किंवा चोरीला गेला की नव्या फोनवर तेच ई-सिम उतरवायला कंपनीकडून नवा क्यूआर लागतो. जुना बहुतेक ठिकाणी एकदाच चालतो. नवा क्यूआर मिळवायला कंपनी ओटीपी पाठवते त्याच नंबरवर, किंवा दुकानात या म्हणते. म्हणून कंपनीला एकच विचारा: परदेशात बसून, जुना फोन हातात नसताना, एसएमएसशिवाय ई-सिम पुन्हा मिळेल का? स्पष्ट ‘हो’ मिळालं तर ई-सिम घ्या, नाहीतर साधं कार्डच बरं, ते कुठल्याही फोनमध्ये जातं. ई-सिम असेल तर ते ‘बंद’ करा, ‘काढून टाका’ नको. आणि फोन रीसेट करताना ‘ई-सिम ठेवायचं का?’ या प्रश्नाला नीट वाचून हो म्हणा.

तिथे नवा फोन घेणार असाल तर घेण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ पासून पुढचे फोन सिमच्या ट्रेशिवायच येतात. तुमचं साधं कार्ड त्यात घालायला जागाच नसते. आणि तिथल्या कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन बरेचदा त्या कंपनीला बांधलेला असतो, घरचं सिम घातलं की तो नकार देतो. दोन्ही प्रसंगांसाठी जुना फोन विकू नका. फक्त तो पडून ठेवताना बॅटरी साधारण अर्धी भरून ठेवा आणि दोन महिन्यांच्या पाळीला चार्ज करा. शून्यावर वर्षभर पडलेली बॅटरी पुन्हा उठेलच असं नाही. तो फोन फार जुना असेल तर आणखी एक अडचण: अनेक देशांत ३जी बंद झालंय, काही ठिकाणी २जीही. ४जीवर कॉल न करता येणारा फोन तिथे नेटवर्कच पकडणार नाही, आणि दोष सिमचा वाटेल.

आता परतीचं. विमानातून उतरल्यावर कार्ड घालायचं नाही. परतीच्या साधारण सहा आठवडे आधी, तिथे बसूनच सगळं तपासायचं. तुमच्या वेळापत्रकात हा ५०५ वा दिवस येतो. काही बिघडलं असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो, आणि तोवर हातात चालू परदेशी फोन आणि इंटरनेट असतं. उतरल्यावर यातलं काहीच नसतं, विमानतळावरच्या वायफायसाठीसुद्धा बरेचदा ओटीपी मागतात.

आधी तिथल्या सिमवरून तुमच्या घरच्या नंबरला फोन लावा, कार्ड बंद असतानाच. ‘फोन बंद आहे’ किंवा ‘संपर्कक्षेत्राबाहेर आहे’ असं ऐकू आलं तर नंबर जिवंत आहे. ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ किंवा ‘सेवेत नाही’ असं आलं तर तो बंद झालाय, पण कदाचित अजून दुसऱ्याला दिलेला नाही. एखाद्याने उचलून ‘कोण?’ विचारलं तर नंबर गेला. मग कार्डाची लाइन चालू करा आणि फोन काय म्हणतो ते बघा. ‘सिम नाही’ आलं तर प्रश्न कार्डाचा किंवा ट्रेचा आहे: फोन बंद करून सिम काढा, कापडाने पुसा, परत बसवा, तरीही नाहीच तर दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा. दुसऱ्यातही दिसत नसेल तर कार्ड गेलं. नंबर शाबूत असल्यास नवं कार्ड मिळेल. सिम दिसतंय, पण ‘सेवा नाही’, तर रोमिंग बंद आहे, मुदत संपलीय किंवा फोन तिथल्या नेटवर्कला चालत नाही. ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ हे कार्ड बिघडल्यानेही येऊ शकतं आणि नंबर बंद झाल्यानेही, म्हणूनच आधी फोन लावून ऐकायला सांगितलं.

नंबर बंद झालेला निघाला तर त्याच दिवशी कंपनीला गाठा. तीन-चार आकडी ग्राहकसेवा क्रमांक परदेशातून लागत नाही. देशाचा कोड लावून लागणारा पूर्ण क्रमांक निघतानाच उतरवून ठेवलेला असावा. तुमचा नंबर बाजूला ठेवलेल्या काळात असेल तर परत चालू करता येतो का, कुठली कागदपत्रं लागतात आणि तुम्ही येईपर्यंत तो कोणाला न देता राखून ठेवता येतो का, हे विचारा. दुसऱ्याला गेलेला असेल तर त्या माणसाशी घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. ज्या ज्या खात्यांत तो नंबर आहे त्यांची यादी करा, सर्वांत आधी बँका आणि ईमेल, आणि जिथे ॲप किंवा ईमेलवरून आत जाता येतं तिथे तो नंबर लगेच काढा. उरलेल्या बँकांत ओळखपत्र घेऊन शाखेत जाऊनच बदलावं लागेल; तोपर्यंतच्या खर्चाची सोय दुसऱ्या कार्डावर करून ठेवा.

सगळं ठीक असेल तर निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी मायदेशातला साधा डेटा-कॉलचा प्लॅन भरा. फार आधी भरलात तर मुदत तिकडेच वाहून जाते. उतरल्यावर भरू म्हटलं तर भरायला इंटरनेट नाही. ट्रेची पिन हाताच्या बॅगेत टाका, पण कार्ड घालायचं काम घरी टेबलावर बसून, फोन बंद करून, आदल्या रात्रीच उरका. विमानाच्या सीटखाली पडलेलं नॅनो सिम सापडत नाही. फोन एकदा चालू करून पिन बरोबर लागतोय ना तेही तेव्हाच बघा.

उतरल्यावर घरच्या सिमची लाइन चालू करा, कॉल आणि डेटा दोन्हींसाठी तीच निवडा, परदेशी सिमचं डेटा रोमिंग बंद करा. पट्टी आहे पण इंटरनेट नाही, असं झालं तर बहुधा एपीएन, म्हणजे मोबाइल इंटरनेटच्या जोडणीचा पत्ता, परदेशी सिमचा राहिलेला असतो. तो मूळ स्थितीवर आणा आणि फोन एकदा बंद-चालू करा. मग एक कॉल, एक एसएमएस आणि बँकेचा एक ओटीपी मागवून बघा. मधल्या दीड वर्षात तुम्हाला पाठवलेले मेसेज येतील अशी वाट पाहू नका. न पोचलेला एसएमएस कंपनीचा सर्व्हर थोडेच दिवस ठेवतो आणि मग टाकून देतो.

कार्ड बदलून घ्यायची वेळ आलीच, तर एक लक्षात ठेवा. नंबर तोच राहिला तरी कार्ड बदललेलं काही बँकांना कळतं, आणि चोराने कार्ड बदलून घेतलं असेल या शंकेने त्या काही काळ ओटीपी किंवा मोठे व्यवहार रोखून धरतात. घराची अनामत, फी किंवा असं काही मोठं देणं ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या दिवशी नवं कार्ड घेऊ नका.